भिंगाचं उत्तर चिन्हात कुठे चुकतं आणि ते कसं पकडायचं

आचऱ्याच्या खाडीजवळ आमच्या पडवीत संध्याकाळी दहावीची सात-आठ मुलं विज्ञानाला बसतात. त्यातल्या एकाचे आजोबा रापणीवर जातात. भरती-ओहोटीच्या तक्त्यातले बारीक आकडे वाचायला ते भिंग वापरतात. त्यावरूनच मी उदाहरण घातलं होतं: बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर 10 सेमी आहे, तक्ता भिंगापासून 6 सेमी अंतरावर आहे आणि तक्त्यातला अंक 2 मिमी उंच आहे. प्रतिमा कुठे पडेल आणि केवढी दिसेल?

मुलाने वही पुढे केली. प्रतिमेचं अंतर +3.75 सेमी, विशालन −0.625. खाली दोन रेघाही मारलेल्या. पण चेहऱ्यावर खात्री नव्हती. "सर, उत्तर इला, पण बरोबर आसा की नाय ता कसा कळतला?"

मी विचारलं, तू स्वतः काय तपासलंस? त्याने v ची किंमत पुन्हा सूत्रात घालून पाहिली होती आणि दोन्ही बाजू जुळल्या होत्या. बहुतेक मुलं हीच एक तपासणी करतात, आणि चिन्हाच्या चुकीपुढे तिचा काहीच उपयोग होत नाही. चुकीच्या सूत्रातून आलेली किंमत त्याच सूत्रात परत घातली तर ती जुळणारच. गुणाकार-भागाकार बरोबर आहे एवढंच त्यातून कळतं. चिन्ह तपासायचं तर सूत्राच्या बाहेरची एखादी गोष्ट हाताशी हवी.

आकडे मांडण्याआधी तीन शब्द लिहा

उदाहरण वाचून झालं की पेन्सिलने एक आडवी रेघ काढा. मध्यावर भिंग किंवा आरसा, वस्तू डाव्या बाजूला, आणि प्रकाशाचा बाण डावीकडून उजवीकडे. अंतरं मोजायची ती भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून किंवा आरशाच्या ध्रुवापासून. उजवीकडचं अंतर धन, डावीकडचं ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. पाठ्यपुस्तकातला कार्टेशियन चिन्हसंकेत म्हणजे एवढंच.

आता सूत्राला हात लावण्याआधी समासात तीन गोष्टी लिहायच्या: प्रतिमा कोणत्या बाजूला, सुलटी की उलटी, मोठी की लहान. किरणाकृती डोळ्यांपुढे आणली तर त्या सुचतात, आणि भिंग हातात असेल तर नुसतं पाहूनही कळतात. आजोबांना भिंगातून काय दिसतं? आकडा सुलटा आणि मोठा दिसतो, आणि तो तक्त्याच्याच बाजूला, म्हणजे भिंगाच्या डावीकडे दिसतो. समासात लिहिलं: डावी, सुलटी, मोठी.

मुलाचं उत्तर या तीन शब्दांशेजारी ठेवलं. v धन, म्हणजे उजवी. M ऋण, म्हणजे उलटी. M ची किंमत चिन्ह सोडून एकापेक्षा कमी, म्हणजे लहान. तिन्ही शब्द उलटे निघाले. आपले आजोबा तक्त्यातले आकडे उलटे आणि लहान करून वाचतात, असं ते उत्तर सांगत होतं.

हे शब्द उत्तर काढण्याच्या आधी लिहिलेले हवेत, यावर माझा फार भर असतो. उत्तर समोर आलं की मन त्याच्या बाजूने बोलू लागतं. मग +3.75 पाहून "वास्तव प्रतिमा असेल" असं वाटायला वेळ लागत नाही.

चिन्ह लावायचं ते फक्त माहीत असलेल्या राशींना

आता मांडणी. दिलेल्या राशी चिन्हासह एका ओळीत लिहा आणि ती ओळ सूत्रापासून वेगळी ठेवा:

```
u = −6 सेमी     f = +10 सेमी     v = ?
```

वस्तू डावीकडे आहे म्हणून u ऋण. बहिर्गोल भिंगाचं f धन, अंतर्गोल भिंगाचं ऋण. आरशातही नावाप्रमाणे तसंच होतं: अंतर्गोल आरशाचं f ऋण, बहिर्गोल आरशाचं धन.

v पुढे प्रश्नचिन्हच राहू द्या. काही हुशार मुलांना प्रतिमा आभासी आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून ती सूत्रात v च्या जागी −v लिहितात. गणित सोडवून त्यांना v = 15 मिळतं. आपण उणे आधीच लावलं होतं हे तोवर विसरलेलं असतं, आणि उत्तर "+15 सेमी, भिंगाच्या उजवीकडे" असं लिहिलं जातं. अज्ञात राशीचं चिन्ह सूत्रच सांगतं. आपण आधी लावलं तर ते दोनदा लागतं.

भिंगाचं सूत्र आणि त्यात किमती:

```
1/v − 1/u = 1/f
1/v = 1/f + 1/u = 1/10 + 1/(−6) = (3 − 5)/30 = −1/15
v = −15 सेमी
M = v/u = (−15)/(−6) = +2.5
```

किंमत घालताना ऋण संख्येला कंस हवाच. कंस नसला तर सूत्रातलं चिन्ह आणि किमतीचं चिन्ह एकमेकांत मिसळतात आणि एक उणे हरवतं. हरवलेलं उणे नंतर वहीत शोधून सापडत नाही.

उत्तर समासातल्या शब्दांशी जुळलं: v ऋण म्हणजे डावी, M धन म्हणजे सुलटी, 2.5 म्हणजे मोठी. 2 मिमीचा अंक 2.5 × 2 = 5 मिमीचा दिसेल.

मग मुलाचं 3.75 कुठून आलं? त्याने u आणि f ची चिन्हं अगदी बरोबर लावली होती. चूक सूत्राची होती. नववीत पाठ केलेलं आरशाचं सूत्र, 1/v + 1/u = 1/f, त्याने भिंगाला लावलं. त्यामुळे 1/10 मध्ये 1/6 मिळवले गेले, 8/30 आले आणि v = 3.75 झालं. विशालनाचं सूत्र मात्र त्याने भिंगाचंच घेतलं, म्हणून M = 3.75/(−6) = −0.625.

v आणि M यांच्या चिन्हांची जोडी

सर्वांत झटपट तपासणी ही. खरी वस्तू डावीकडे असताना u कायम ऋण असतं. भिंगासाठी M = v/u, म्हणून v आणि M यांची चिन्हं विरुद्ध यायला हवीत. आरशासाठी M = −v/u. तिथे सूत्रातलं उणे आणि u मधलं उणे एकमेकांना खातात, म्हणून v आणि M यांची चिन्हं सारखी यायला हवीत.

आरशात सारखी, भिंगात विरुद्ध. आकडे न वाचता नुसती दोन चिन्हं पाहिली तरी पुरतं. आमच्या उदाहरणात कोणी u = +6 घेऊन दोन्ही सूत्रं सोडवली तर v = +3.75 आणि M = +0.625 येतं. भिंगात चिन्हं सारखी आली, म्हणजे कुठेतरी चूक आहे हे तिथल्या तिथे कळतं.

या जोडीमागचं कारणही समजून घ्या, म्हणजे पाठ करावी लागणार नाही. भिंगातून प्रकाश आरपार जातो, म्हणून वास्तव प्रतिमा उजवीकडे, धन बाजूला पडते. आरशावरून प्रकाश मागे फिरतो, म्हणून वास्तव प्रतिमा डावीकडे, ऋण बाजूला पडते. खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा दोन्हींत उलटीच, म्हणून M दोन्हींत ऋण. M चं चिन्ह प्रतिमा कशी दिसते ते सांगतं, v चं चिन्ह ती कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. बाजू बदलते, दिसणं बदलत नाही. दोन सूत्रांतला तो एका उण्याचा फरक यातूनच येतो.

पण आता त्या मुलाचंच उत्तर पाहा: v = +3.75, M = −0.625. चिन्हं विरुद्ध आहेत. जोडीची तपासणी या उत्तराला बरोबर म्हणून सोडून देते! म्हणून पुढची पायरी हवी.

वास्तव प्रतिमा नाभीच्या अलीकडे पडत नाही

फार दूरच्या वस्तूकडून समांतर किरण येतात, आणि बहिर्गोल भिंग त्यांना नाभीत एकत्र आणतं. वस्तू जसजशी जवळ येते तसतसे तिचे किरण जास्त फाकत येतात. फाकलेले किरण एकत्र आणायला भिंगाला अधिक अंतर लागतं. म्हणून खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा नेहमी नाभीच्या पलीकडेच पडते. नाभीय अंतर 10 सेमी असताना पडद्यावरची प्रतिमा 3.75 सेमी अंतरावर येऊच शकत नाही. चिन्हं आपसांत जुळली असली तरी हा आकडा अशक्य आहे.

अंतर्गोल आरशालाही हीच मर्यादा लागते. समजा f = −10 सेमी आणि u = −15 सेमी. आरशाच्या सूत्राने 1/v = −1/10 + 1/15 = −1/30, म्हणजे v = −30 सेमी आणि M = −2. इथे चुकून भिंगाचं सूत्र वापरलं तर v = −6 सेमी आणि M = −0.4 येतं. दोन्ही ऋण, म्हणजे आरशाची जोडी जुळते. पण वास्तव प्रतिमा आरशापासून 6 सेमीवर आणि नाभी 10 सेमीवर, हे घडत नाही. चूक इथेच हाती लागते.

वस्तू नाभीच्या आत असेल तर बहिर्गोल भिंग आणि अंतर्गोल आरसा यांची प्रतिमा आभासी असते आणि ती वस्तूपेक्षा लांब असते. आमचे 15 सेमी हे 6 सेमीपेक्षा जास्त आहेत, तेव्हा ठीक. अंतर्गोल भिंग आणि बहिर्गोल आरसा यांच्या बाबतीत याच्या उलट: प्रतिमा नेहमी नाभीच्या आत, वस्तूपेक्षा जवळ, आणि M शून्य ते एक यांच्या मधे. अंतर्गोल भिंगाच्या उदाहरणात कोणाचं M 1.4 आलं तर बाकी काही न पाहता मी वही परत देतो.

हातात भिंग असेल तर ही मर्यादा प्रत्यक्ष पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद धरून दूरच्या माडाची स्पष्ट प्रतिमा पाडा. कागद ते भिंग हे अंतर म्हणजे जवळपास नाभीय अंतर. आता जवळची वस्तू घ्या, खोलीतला पेटता दिवा. प्रतिमा स्पष्ट करायला भिंग कागदापासून आणखी लांब न्यावं लागतं, जवळ कधीच नाही. भिंग सूर्याकडे मात्र धरू नका.

v ला वळसा घालून विशालन काढा

M आपण v वरून काढतो, म्हणून v चुकलं की M ही चुकतं. विशालन थेट u आणि f वरूनही निघतं. भिंगाच्या सूत्राला u ने गुणून थोडं आवरलं की हे मिळतं:

```
भिंग:   M = f/(f + u)
आरसा:  M = f/(f − u)
```

भिंगाच्या उदाहरणात 10/(10 − 6) = +2.5. मुलाचं −0.625 इथे लगेच उघडं पडतं. आरशाच्या उदाहरणात −10/(−10 + 15) = −2, तेही बरोबर. 30 सेकंदांत होणारी ही तपासणी परीक्षेत कच्च्या कामाच्या जागेत जरूर करा.

पण तिची मर्यादाही ओळखा. तीही त्याच u आणि f वर उभी आहे. सुरुवातीलाच एखाद्या राशीचं चिन्ह चुकलं असेल तर दोन्ही वाटा एकाच चुकीच्या जागी पोहोचतात, आणि उत्तरं जुळली म्हणून आपण निश्चिंत होतो. याचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उदाहरण घाटातलं आहे.

घाटातल्या वळणावरचा आरसा

घाटाच्या अवघड वळणावर बहिर्गोल आरसा लावतात. समजा त्याची वक्रता त्रिज्या 3 मीटर, म्हणजे नाभीय अंतर 1.5 मीटर. समोरून येणारी एसटी आरशापासून 13.5 मीटरवर आहे आणि तिची उंची 3 मीटर धरू.

```
u = −13.5 मी     f = +1.5 मी
1/v = 1/f − 1/u = 1/1.5 + 1/13.5 = 10/13.5
v = +1.35 मी
M = −v/u = −(1.35)/(−13.5) = +0.1
```

प्रतिमा आरशाच्या मागे, सुलटी, 30 सेमी उंच.

आता f चं चिन्ह चुकलं असं धरा. "आरसा म्हटला की f ऋण" असं बऱ्याच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं, कारण सरावातली जास्त उदाहरणं अंतर्गोल आरशाची असतात. f = −1.5 घेतलं की 1/v = −8/13.5, v = −1.6875 मी आणि M = −0.125.

या उत्तराला सगळ्या तपासण्या लावून पाहा. जोडी: दोन्ही ऋण, आरशाला चालतं. मर्यादा: वास्तव प्रतिमा नाभीच्या पलीकडे, 1.5 पेक्षा 1.6875 जास्त, चालतं. थेट विशालन: −1.5/(−1.5 + 13.5) = −0.125, तेही जुळतं. आकारही संशयास्पद नाही, 30 ऐवजी साडेसदतीस सेंटिमीटर. गणिताच्या आतली एकही तपासणी ही चूक पकडत नाही, कारण गणितात चूकच नाही. हे अंतर्गोल आरशाचं पूर्णपणे बरोबर उत्तर आहे. फक्त प्रश्न त्या आरशाचा नव्हता.

ही चूक पकडतात ते समासातले तीन शब्दच. वळणावरच्या आरशात एसटी उलटी, चाकं वर अशी कोणी पाहिली आहे का? M ऋण आलं आणि समासात "सुलटी" लिहिलेलं असलं की तिथेच थांबायचं, आणि गणितात न शिरता थेट दिलेल्या राशींच्या ओळीकडे जायचं. जोडी, मर्यादा आणि थेट विशालन तिन्ही जुळत असून समासातला शब्द जुळत नसेल, तर चूक जवळजवळ नेहमीच त्या पहिल्या ओळीत, f च्या चिन्हात असते.

प्रश्नाने फक्त "दुप्पट" म्हटलं असेल तर

अंतर्गोल आरशासमोर 12 सेमीवर वस्तू ठेवली, प्रतिमा दुप्पट मोठी मिळाली, नाभीय अंतर किती? इथे M ला चिन्ह आपण द्यायचं असतं, आणि मुलं सवयीने +2 लिहून पुढे जातात.

M = +2 घेतलं तर v = +24, आणि 1/f = 1/24 − 1/12 = −1/24, म्हणजे f = −24 सेमी. M = −2 घेतलं तर v = −24, आणि 1/f = −1/24 − 1/12 = −1/8, म्हणजे f = −8 सेमी. दोन्ही वेळा f ऋण आलं, अंतर्गोल आरशाला शोभेल असंच. पहिल्यात वस्तू नाभीच्या आत आहे, दुसऱ्यात नाभी आणि वक्रता केंद्र यांच्या मधे. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. निवड करतो तो प्रश्नातला शब्द: "पडद्यावर", "वास्तव" किंवा "उलटी" असेल तर −2. "आरशाच्या मागे", "आभासी" किंवा "सुलटी" असेल तर +2. असा एकही शब्द नसेल तर दोन्ही उत्तरं लिहावीत, आणि कोणतं केव्हा ते एका ओळीत सांगावं.

दुसऱ्या संकेतातलं उत्तर

घरातल्या मोठ्यांच्या जुन्या मार्गदर्शकात किंवा व्हिडिओत तेच उदाहरण वेगळ्या चिन्हाने सोडवलेलं सापडतं आणि मुलं गोंधळतात. कार्टेशियनशिवाय आणखी एक संकेत चालतो. त्यात खरी वस्तू आणि वास्तव प्रतिमा यांची अंतरं धन आणि आभासी प्रतिमेचं ऋण धरतात, आणि आरसा व भिंग दोघांना 1/v + 1/u = 1/f हे एकच सूत्र लावतात. त्या पद्धतीने आमच्या अंतर्गोल आरशाच्या उदाहरणात u = 15, f = 10 आणि v = +30 येतं. आपलं −30 आणि तिथलं +30 म्हणजे आरशासमोरची तीच एक जागा.

म्हणून परक्या उत्तराशी ताडताना v ची चिन्हं जुळवत बसू नका. "आरशासमोर 30 सेमी, उलटी, दुप्पट" हे शब्द जुळतात का ते पाहा. घात होतो तो एकाच उदाहरणात दोन्ही संकेत मिसळले की: सूत्र त्या पद्धतीचं आणि u = −15 आपल्या पद्धतीचं. आमच्या मुलाचं 3.75 नववीतल्या आरशाच्या सूत्रातून आलं होतं. जुना मार्गदर्शक वाचून, भिंगाला तेच सूत्र आणि u = −6 घेतलं असतं, तरीही नेमकं 3.75 च आलं असतं.

राहिली एक छोटी चूक, वस्तू नेमकी नाभीवर असतानाची. जयगडच्या दीपगृहाचं उदाहरण मी यासाठी घालतो: दिवा भिंगाच्या नाभीवर ठेवला की प्रकाश समांतर होऊन दूर समुद्रात जातो. f = +50 सेमी आणि u = −50 सेमी घेतलं की 1/v = 0 येतं, आणि घाईत मुलं v = 0 लिहितात. v = 0 म्हणजे प्रतिमा भिंगातच पडली. 1/v शून्य असेल तर v अनंत असतो, आणि अशा वेळी v ला कोणतंही चिन्ह न लावता "किरण समांतर जातात, प्रतिमा अनंत अंतरावर" असं शब्दांत लिहायचं.